गणेशोत्सव २०२५ : ग्रामस्थ आणि चाकरमानी मंडळींना ग्रामपंचायतीचे आवाहन

ग्रामपंचायत कार्यालय
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग
दिनांक : १६ ऑगस्ट २०२५

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, मुंबई-पुण्याहून येणाऱ्या चाकरमानी मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

बुधवारी, २७ ऑगस्टला घरोघरी गणपती बसतील. काल, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विसर्जनाची व्यवस्था आणि आपल्या व्हाळाचे पाणी या दोन विषयांवर बराच वेळ चर्चा झाली. तिथे जे ठरले ते सर्वांना कळावे, आणि का ठरले तेही कळावे, म्हणून हे पत्रक प्रत्येक घरात देत आहोत. कृपया घरातल्या सगळ्यांनी वाचावे. गावाला आल्यावर सवडीने वाचू असे म्हणून बाजूला ठेवू नये, कारण यातली काही तयारी चतुर्थीच्या आधीच करायची आहे.

देवळाखालच्या कोंडीत आपण पिढ्यानपिढ्या गणपती पोचवत आलो. त्याच कोंडीच्या खालच्या अंगाला आता गावाच्या नळपाणी योजनेची विहीर आहे. भाद्रपदात व्हाळ भरून वाहतो, त्यामुळे कोंडीत काय राहिले ते दिसत नाही. दिवाळीनंतर बंधारा घालायला उतरलो की गाळात मूर्तींचे तुकडे, मखराच्या पट्ट्या, प्लास्टिकचे हार हाताला लागतात. चैत्रात व्हाळाची धार तुटते आणि विहिरीला जे पाझरते ते याच गाळातून. हेच पाणी आपण सगळे पितो. पुढे हा व्हाळ कर्लीला मिळतो आणि कर्ली देवबागच्या खाडीला, म्हणजे तिथल्या मासेमारी करणाऱ्या घरांपर्यंत आपल्या कोंडीतले पाणी जाते.

यात कुणा एका वाडीचा, कुणा घराचा किंवा मूर्तिकारांचा दोष काढण्याचा विचार ग्रामसभेत कुणाच्याही मनात नव्हता. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी, लवकर सुकणारी आणि परवडणारी असते. ज्याच्या घरी गणपती डोक्यावरून अर्धा-पाऊण तास चालत न्यावा लागतो, त्याला हलक्या मूर्तीचे मोल कळते. पेणपासून आपल्या तालुक्यापर्यंत कितीतरी घरांची चूल या कामावर पेटते. अडचण पदार्थाच्या गुणात आहे. जिप्सम भाजून हे प्लास्टर बनते. पाणी घातले की त्याचे पुन्हा जिप्सम होऊन ते घट्ट बसते आणि साठलेल्या पाण्यात ते फार सावकाश विरघळते. शाडूची मूर्ती काही तासांत मऊ होऊन खाली बसते, प्लास्टरची महिनोन् महिने तशीच राहते. ज्या मूर्तीपुढे आपण रोज आरती केली, ती उन्हाळ्यात भंगलेल्या स्थितीत उघडी पडलेली पाहणे कुणालाच सहन होत नाही. ग्रामसभेत हे बोलताना कित्येकांचा आवाज जड झाला होता.

नियमही आता स्पष्ट आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० मधल्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक मातीच्या मूर्तींचा आग्रह आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या यंदाच्या २४ जुलैच्या आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम कुंडातच करायचे आहे. आपल्या गावातल्या सगळ्या मूर्ती या उंचीच्या आतल्याच आहेत. पण आपण हे कायद्याच्या धाकाने करावे असे आम्हाला वाटत नाही. पाणी आपले, देव आपला, म्हणून करावे.

विसर्जनाची जागा तीच, व्यवस्था थोडी वेगळी

कोंडीच्या काठावर, नेहमी आरती होते त्याच सपाट जागेवर, ताडपत्री घालून दोन मोठी कुंडे केली जातील. दोन्ही कुंडांत व्हाळाचेच पाणी भरले जाईल. एक शाडूच्या आणि साध्या मातीच्या मूर्तींसाठी, दुसरे प्लास्टरच्या मूर्तींसाठी. मूर्ती कशाची आहे याबद्दल शंका असेल तर आणतानाच गणपतीच्या शाळेत, म्हणजे आपल्या मूर्तिकारांकडे विचारून घ्या. यंदा प्लास्टरच्या मूर्तीच्या मागच्या बाजूला लाल गोल खूण करण्याची सूचना शासनाने दिलेली आहे, तीही पाहता येईल.

आरती, गाऱ्हाणे, उत्तरपूजा, खोबऱ्याचा प्रसाद, सारे नेहमीसारखे आणि नेहमीच्याच जागी. मूर्ती आपल्याच घरातला माणूस आपल्या हाताने तीनदा बुडवून पाण्यात सोडील, ती कुणी काढून घेणार नाही. रिकाम्या पाटावर व्हाळाची वाळू घेऊन घरी जायची आपली रीत आहे, तिच्यासाठी स्वच्छ वाळूचा ढीग कुंडाजवळ केलेला असेल. ग्रामसभेत दोन ज्येष्ठ आजींनी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, म्हणून मुद्दाम लिहिले.

शाडूच्या कुंडातली माती निवळली की पाणी वरच्यावर काढून माती वाळवली जाईल आणि आपल्या गावच्या गणपतीच्या शाळेला परत दिली जाईल. शाडू गुजरातेतून येतो, त्याला भाडे पडते. तीच माती पुढच्या वर्षी पुन्हा वळता आली तर मूर्तिकारांचाही खर्च वाचेल. मातीची मूर्तीही कुंडातच का, असे काहींनी विचारले. त्याचे एक कारण हे, आणि दुसरे म्हणजे मूर्तीवरचे रंग विहिरीच्या पाण्यात उतरू नयेत.

प्लास्टरच्या मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेटची पोती आणून ठेवली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत लोकांपर्यंत आणली आणि पुणे महापालिकेने ती २०१६ पासून घराघरांत नेली. साधारण मूर्तीच्या वजनाइतकी ही पावडर पाण्यात घालतात. दोन-तीन दिवसांत मूर्ती विरते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचे पाणी राहते. ते खत आहे. पातळ करून माडांना घालता येते, हवे असेल त्यांनी ग्रामपंचायतीत नाव द्यावे. विरताना अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून ते कुंड वारा जिकडे वाहतो त्या अंगाला, माणसांच्या वाटेपासून दूर केले जाईल. मुलांना त्याच्याजवळ रेंगाळू देऊ नका.

ज्यांना घरच्या खळ्यातच बादलीत किंवा घंगाळात विसर्जन करायचे आहे, त्यांनी खुशाल करावे. ज्या घरात वयस्कर माणसे एकटी आहेत, त्यांच्या गणपतीला कोंडीपर्यंत नेण्यासाठी युवक मंडळाची मुले येतील. फक्त आदल्या दिवशी निरोप द्या.

वेळा आणि वाट

दीड दिवसाचे गणपती २८ ऑगस्टला, पाच दिवसांचे ३१ ऑगस्टला, गौरींसोबतचे आणि सात दिवसांचे २ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचे ६ सप्टेंबरला आणि एकवीस दिवसांचे १६ सप्टेंबरला पोचवले जातील. सर्वांत गर्दी २ आणि ६ सप्टेंबरला असते. घाटीची वाट अरुंद आहे आणि पावसात चिरे निसरडे होतात. म्हणून या दोन दिवशी खालचीवाडी दुपारी ४ वाजता, मधलीवाडी ४.४५ ला, वरचीवाडी ५.३० ला आणि देऊळवाडी ६.१५ ला वाटेला लागेल. देऊळवाडीची घरे कोंडीपासून सर्वांत जवळ, तरी त्यांनी आपणहून शेवटची वेळ घेतली. त्यांचे मनापासून आभार.

गाड्या प्राथमिक शाळेच्या मैदानात लावाव्यात. घाटीच्या तोंडाशी एकही गाडी नको, कारण संध्याकाळची एसटी तिथेच वळते आणि अडीनडीला रुग्णवाहिकाही तिथूनच येईल. कोंडीच्या पाण्यात कुणीही उतरू नये. पट्टीचे पोहणारे आठ जण दोर आणि ट्यूब घेऊन काठावर असतील, तेवढेच. व्हाळाला वरून अचानक लोंढा येतो, हे इथे वाढलेल्यांना सांगायला नको, पण नातवंडे शहरातून आलेली असतात. त्यांचा हात धरून ठेवा.

माटवी, मखर, निर्माल्य

खरे तर पर्यावरणपूरक सजावट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळ, तवशी, आंब्याचे टाळे, शेरवड, हरणे बांधलेली माटवी गणपतीच्या डोक्यावर असते, त्याहून सुंदर आणि स्वच्छ सजावट कुठली? दहा-बारा दिवसांनी ती उतरवली की अर्धी पोटात जाते, अर्धी मातीत. एवढीच विनंती की रानातले आणताना लागेल तेवढेच आणावे. कळलावीची फुले तोडा, पण वेल कंदासकट उपटू नका. सड्यावर ती आधीसारखी दिसत नाही. मुलांना सोबत न्या आणि कुठली वेल कुठली हे दाखवा.

थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्याऐवजी बांबू, साड्या, पुठ्ठा, लाकडी मखर वापरावा. मुंबईहून चांगला मखर आणणाऱ्यांनी तो जपून परत वापरावा. कुणाकडे जास्तीचा असेल तर ग्रामपंचायतीत ठेवा, ज्यांच्याकडे नाही ते नेतील.

निर्माल्य व्हाळात सोडू नये. कोंडीच्या वाटेवर दोन मोठ्या डाली ठेवलेल्या असतील. हारांतला दोरा, जर, कापराची पुडी, अगरबत्तीचे वेष्टण वेगळे काढून मगच फुले-पत्री त्यात टाका. ते सारे शेणकाला घालून खड्ड्यात कुजवले जाईल आणि ते खत शाळेच्या परसबागेला जाईल.

भजनाच्या रात्री उसळ-पाव आणि चहा होतो, तो व्हायलाच हवा. त्यासाठी बचत गटाच्या भगिनींनी स्टीलची ताटे-पेले देऊ केले आहेत. भाडे नाही, घासून परत द्यायचे. पंगतीला केळीची पाने आहेतच. ध्वनिवर्धक रात्री १० नंतर बंद ठेवावा. त्यानंतरही टाळ-मृदंगावरचे भजन आणि बायकांच्या फुगड्या रंगतातच, त्यांना ध्वनिवर्धकाची गरज कधीच पडली नाही. फटाके शक्यतो नकोत. गोठ्यातली जनावरे दावी तोडतात आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना त्रास होतो.

पुढची बैठक

शनिवार, २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजता प्राथमिक शाळेत वाडीवार स्वयंसेवकांची नावे ठरवायची आहेत. प्रत्येक वाडीतून निदान पाच जण हवेत, त्यात दोघी तरी महिला असाव्यात. कुंडांसाठी ताडपत्री, दोर आणि हातबॅटऱ्या ज्यांना देता येतील त्यांनी सोबत आणाव्यात, वस्तूवर नाव लिहून ठेवावे, ७ सप्टेंबरला परत मिळतील. एकवीस दिवसांच्या गणपतींसाठी वेगळे लहान कुंड १६ सप्टेंबरपर्यंत ठेवले जाईल. काही वेगळी सूचना असेल, या व्यवस्थेत काही खटकत असेल, तर तेही त्याच बैठकीत मोकळेपणाने सांगावे. बदल करायला तेव्हा वेळ असेल.

गणपती बाप्पा मोरया!

आपले,
सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य, ग्रामपंचायत
देवस्थान समिती, युवक मंडळ आणि महिला बचत गट यांच्या सहकार्याने