दादाचं डेंग्यूनंतरचं जेवण : पहिला आठवडा

वहिनी, हा कागद फ्रिजवर लावून ठेव. दादाचा ताप उतरून तीन दिवस झाले, प्लेटलेट चढायला लागल्यात आणि डॉक्टरांनी घरचं हलकं जेवण द्यायला सांगितलंय. आता त्याला भरवण्यापेक्षा पाजायचं बघ. भूक आपोआप येईल, तिच्या मागे लागू नकोस.

पाणी आणि पातळ

दिवसभरात सगळं मिळून दोन ते अडीच लिटर. पेज, ताक, वरणाचं पाणी यातच धरायचं. एका दमात ग्लासभर दिलं की त्याला मळमळतं, म्हणून अर्धा कप, दर अर्ध्या-पाऊण तासाने.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण घालायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नको. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाक. शहाळं रोज एक, दुपारच्या आत. दादाला शुगर नाही, म्हणून लिंबू-गुळाचं पाणी चालेल. आईला आहे, तिने सोबत म्हणून ते पिऊ नये!

लघवी फिकट पिवळी हवी. सहा तास झालीच नाही, पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, शौच काळं झालं, किंवा तो गार पडून गुंगीत गेला, तर वाट न बघता १०८ ला फोन. अंग दुखलं तर डॉक्टरांनी लिहिलेली पॅरासिटामॉलच, तीही लिहिली तेवढीच. घरातल्या डब्यातली दुसरी कुठलीही वेदनेची गोळी नाही.

पहिले दोन दिवस

सकाळी ७ : कोमट पाणी, दोन खजूर खाल्ले तर उत्तम.
८:३० : उकड्या तांदळाची पेज. एक वाटी तांदूळ, आठ वाट्या पाणी, शीत फुटून बोटाने चेपलं जाईपर्यंत मंद आचेवर. आधी वरची निवळ मीठ घालून वाटीभर, मग जमेल तेवढी शितं. तोंडाला कडवट लागतं म्हणतो ना, तर खाराच्या तोराची एक फोड बाजूला ठेव, नुसती चाटायला.
११ : शहाळं.
१ : मऊ भात, मुगाचं वरण, वर अर्धा चमचा तूप. सोबत दुधीची किंवा दोडक्याची भाजी, खोबरं न घालता.
४ : नाचण्याची तिझान, दूध घालून, पातळ.
६ : ताक, जिरं आणि मीठ. आलं-लसूण नको.
८ : पेजच, किंवा मुगाची मऊ खिचडी.
झोपताना : कपभर दूध, प्यायलं तर.

तिसऱ्या दिवसापासून प्रोटीन वाढव

त्याचं वजन पासष्टच्या आसपास, म्हणजे दिवसाला साधारण पासष्ट-सत्तर ग्रॅम प्रोटीन लागेल. ते एकदम होणार नाही. एका अंड्यातून सहाच ग्रॅम मिळतात, त्यामुळे दर खेपेला थोडं थोडं घालत जायचं: नाश्त्याला पूर्ण उकडलेलं अंडं, अकराला दही, जेवणात घट्ट वरण, संध्याकाळी पनीरचे पाच-सहा तुकडे, मीठ-मिऱ्याबरोबर.

आई म्हणेल श्रावण आहे. मी तिला फोनवर सांगितलंय, आजाऱ्याला श्रावण नाही. तिला पटलं नाही तर वेगळ्या भांड्यात, मागच्या चुलीवर उकड. वाद नको.

मासे चालत असतील तर मुडदुशीच. आजाऱ्याला आपल्याकडे हीच देतात, कारण मांस मऊ आणि तेल कमी. म्हापशाच्या बाजारात डोळे चकचकीत असलेल्याच घे. हळद, मीठ, आमसूल, थोडं पाणी. झाकून सात-आठ मिनिटं. भाजलेला मसाला, नारळाचा रस काही नाही. काटे तू काढ, दादाला आत्ता तेवढा धीर नाही.

सोलकढी तो पहिल्या दिवसापासून मागतोय. दोन दिवस थांब. कोकमाचा लाल रंग उलटीत दिसला तर रक्त आहे की सोलं, हे आपल्याला कळणार नाही. बीट, डाळिंब यांचंही तेच. नंतर दे, मिरची आणि लसूण न घालता.

पपईच्या पानांचा रस शेजारणीने पाठवला तर आभार मान आणि बाजूला ठेव. प्लेटलेट त्या रसाने वाढतात याचा भरवशाचा पुरावा नाही, उलट रिकाम्या पोटी त्याने उलटी होऊ शकते.

पाचव्या दिवसानंतर

पोय, चिकनचं पातळ सूप, आळसांद्याचं तोणाक कमी तिखटाचं, शीत-कडी. ताटात निम्मंच वाढ. मागितलं तर पुन्हा दे. तळलेलं, सुके बांगडे आणि शागुती पुढच्या आठवड्यात. डेंग्यूत लिव्हरला सूज येऊ शकते, तेव्हा रिपोर्ट नॉर्मल येऊन डॉक्टरांनी होकार देईपर्यंत फेणी-बिअरचं नाव नाही. त्याचे मित्र भेटायला येतील, त्यांनाही आधीच सांगून ठेव.

सीबीसी शुक्रवारी. सकाळी उपाशी नेऊ नकोस, त्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. पेज प्यायला घालून ने, आणि बाटलीत ओआरएस भरून घे.