दुकान उघडलंस, खूप खूप अभिनंदन!

अगं, फोटो बघितला आणि ऑफिसच्या जिन्यातच थांबले. काचेच्या आत तुझं मशीन, मागे रंगाप्रमाणे लावलेल्या रिळांची भिंत, आणि तू, गळ्यात टेप तशीच लटकतेय, काढायचंही भान नाही. तो टेपवाला फोटो मी सेव्ह करून ठेवलाय. सात वर्षं घरातल्या कोपऱ्यात, सगळे झोपल्यावर लोकांचे कपडे अल्टर करून देत होतीस, आता तुझ्या नावाची पाटी लागली. मनापासून अभिनंदन! मला तुझा खरंच खूप अभिमान वाटतो.

आता जरा मोठा मेसेज आहे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच.

सगळे तुला सांगतील की छान चालेल, काळजी करू नकोस. मी ते सांगणार नाही कारण मी स्वतः झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान चार वर्षं चालवलंय आणि सुरुवातीचे महिने कसे जातात ते मला माहितीये. पहिला महिना मस्त जातो, ओळखीचे सगळे येतात, कोणी पँट शॉर्ट करायला, कोणी चेन बदलायला, आपल्याला वाटतं चाललं की! मग ओळखीचे संपतात आणि अनोळखी लोकांना अजून दुकान माहीत झालेलं नसतं. माझा तिसरा महिना तसा गेला, एक दिवस तर सकाळपासून रात्रीपर्यंत एकच बाई आत आली आणि तीही पत्ता विचारायला. त्या रात्री मी कुलूप लावून तिथेच पायरीवर बसून रडले. तुझ्याही वाट्याला असा दिवस येईल बहुतेक. त्या दिवशी एवढंच लक्षात ठेव की तुझ्या हातात काही कमी आहे म्हणून लोक आले नाहीत असं नसतं, अल्टरेशनवाल्याला माणूस कपडा फाटल्यावर किंवा सैल झाल्यावरच शोधतो, त्याची ती वेळ यायला वेळ लागतो.

दुसरं म्हणजे पैसे. एका मोठ्या ऑर्डरने मला जवळजवळ बुडवलं होतं, ऐकून विचित्र वाटेल पण खरंय. कागद मी उधारीवर आणला, काम वेळेत दिलं आणि त्यांनी बिल द्यायला तीन महिने लावले. वहीत नफा दिसत होता आणि गल्ल्यात भाड्यापुरते पण पैसे नव्हते. म्हणून कोणी एकदम पन्नास युनिफॉर्म शिवायला टाकले तर आनंदाने घे, पण कापडाचे पैसे आधी घे, अर्धे तरी घेच, आणि लाजू नकोस. तुझा स्वभाव मला माहितीये, "राहू दे, नंतर द्या" हे तुझ्या तोंडून पटकन निघतं. बटण लावून दिलं तरी पैसे घे गं, त्या दहा मिनिटांत तू दुसरं काम केलं असतंस. आणि दुकानातून घरासाठी पैसे उचललेस की लगेच लिहून ठेव, नाहीतर महिनाअखेरीला गेले कुठे तेच कळत नाही.

आणि एक अवघड गोष्ट, रागावू नकोस. साठवलेल्यातले किती पैसे दुकानात घालायचे आणि कुठे थांबायचं हा आकडा आत्ताच, डोकं शांत असताना, घरच्यांसोबत बसून ठरव. चालेलच याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, मी पण नाही. पण आकडा ठरलेला असला की रोज रात्री तीच धाकधूक होत नाही, झोप लागते. मी ठरवला नव्हता आणि पहिलं वर्षभर घरात सगळ्यांवर चिडचिड करत होते.

मला आशा वाटते ती तुझं काम बघून. माझ्या त्या निळ्या कोटाचं अस्तर तू बदललंस तेव्हा जुने टाके एकेक करून उसवलेस, ओढून फाडले नाहीस, आणि आतल्या बाजूला, कोणाला कधी दिसणारही नाही तिथे, शिलाई अगदी सरळ घातलीस. असं काम एकदा हातात पडलं की माणूस दुसरीकडे जात नाही, चार जणांना सांगतो. फक्त सांगितलेल्या तारखेला दे. एक दिवस जास्तीचा सांग पण तारीख चुकवू नकोस.

शनिवारी दुपारी येतेय. दोन कुर्ते आणि एक पँट आहे, पूर्ण पैसे देणार, वाद घालायचा नाही. आणि मधे कधी नुसतंच बसून राहावं लागलं तर फोन कर, दुकानातूनच कर, मी उचलते.