विषय: चहाच्या वेळी झालेलं दोन विहिरींचं बोलणं आणि 24 ऑक्टोबरची मोजणी

आदरणीय सुनीता मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी सिन्नरचा विठ्ठल. पुण्याच्या भूजल परिषदेत दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मी तुमच्याकडे आमच्या गावच्या दोन विहिरींचा प्रश्न घेऊन आलो होतो. दोन्ही एकाच नाल्याच्या काठी, दोन्ही 45 फूट खोल. खालच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं, वरची मात्र डिसेंबरातच तळ गाठते. तुम्ही उत्तर देण्याआधी मलाच विचारलं, "दोन्हींच्या काठांच्या उंचीत फरक किती?" मग कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला काळ्या पाषाणाचा आणि मांजऱ्याचा थर काढून दाखवलात. खोली जमिनीपासून मोजली तर दोन विहिरी सारख्या दिसतात, पण काठच वर असेल तर तळही वर राहतो आणि पाणी धरणाऱ्या थरापर्यंत पोचतच नाही, हे तुमचं म्हणणं मला तिथेच पटलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

परत आल्यावर पोपटनानांना घेऊन दोन्ही विहिरींवर गेलो. खालच्या विहिरीत तळापासून थोडं वर मांजऱ्या उघडा पडलेला आहे आणि पाझर तिथूनच येतो, असं नाना सांगतात. खोदकामाच्या वेळी ते स्वतः आत उतरले होते. वरच्या विहिरीत मात्र तळापर्यंत काळा पाषाणच लागला. नळीत पाणी भरून ढोबळ माप घेतलं, तर काठांत बारा-तेरा फुटांचा फरक निघाला. तुमचं चित्र आमच्या नाल्यावर तंतोतंत लागू पडेल असं दिसतंय, पण नळीच्या मापावर कुणाला खर्चात पाडायची माझी तयारी नाही.

घाई एवढ्यासाठी, की वरच्या विहिरीचे मालक शेजारी 300 फुटांचं बोअर घ्यायच्या विचारात आहेत. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरची मर्यादा आहे, हे मी त्यांना सांगितलं. पण ज्याच्या कांद्याला पाणी नाही, त्याला नुसता कायदा सांगून भागत नाही. विहीर आणखी पंधरा फूट खाली नेली तर मांजऱ्या लागेल का, हे त्यांना कुणीतरी मोजून दाखवायला हवं. ते कळलं तर ते थांबतील, याची मला खात्री आहे.

म्हणून विनंती अशी: शनिवारी, 24 ऑक्टोबरला सकाळी तुम्ही आमच्याकडे याल का? दसरा झालेला असेल आणि पाऊसही बहुधा ओसरलेला असेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पावसाळ्यानंतरची मोजणी ऑक्टोबरातच करते, म्हणजे आमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. नाल्याच्या माथ्यापासून खालपर्यंत 12 विहिरी निवडल्या आहेत. परिषदेत तुम्ही आवर्जून सांगितलं होतं, म्हणून बंधाऱ्यांचं काम न झालेल्या शेजारच्या गावातल्या दोन विहिरीही घेतल्या आहेत. प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची आणि पाण्याची पातळी एकाच पायावर मोजायची, आणि जिथे दिसेल तिथे थर नोंदवायचा. डंपी लेव्हल आणि ती चालवणारा माणूस तालुक्यातून मिळतोय. टेप आमच्याकडे आहे, आणि हाताखाली कॉलेजची चार मुलं असतील.

एक अडचण मात्र आहे. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असली, तर मोटारी रात्रभर चालून सकाळी पातळी खाली गेलेली असेल. आदल्या रात्री मोटार बंद ठेवायला चौदापैकी अकरा जणांनी होकार दिलाय, उरलेल्या तिघांशी या आठवड्यात बोलतो. एक रात्र पुरेशी आहे की दोन ठेवायला लावू, एवढं कळवा.

पुण्याहून त्याच दिवशी निघालात तर पोचेपर्यंत ऊन चढेल. शुक्रवारी संध्याकाळी आलात तर बरं, सिन्नरला राहायची सोय करतो. प्रवासखर्च आणि मानधन संस्था देईल. काम दुपारी एकपर्यंत आटपेल, जेवण नानांकडे.

तारीख जमणार नसेल, तर 11 ऑक्टोबरच्या रविवारी अर्धा तास फोनवर द्या. विहिरींची यादी आणि नाल्याचा नकाशा सोबत जोडला आहे. कुठली विहीर वगळायची, कुठली घ्यायची, ते तुमच्याकडून ठरवून घेतो आणि मोजणी आम्ही करतो. नोव्हेंबरच्या ग्रामसभेत उन्हाळ कांदा किती एकर लावायचा हे ठरतं, त्याआधी हे आकडे भिंतीवर लागायला हवेत.

दोन्हींपैकी काय जमेल ते 8 तारखेपर्यंत कळवलंत, तर मोटारी बंद ठेवायचा निरोप वेळेत घरोघर देता येईल.

आपला,
विठ्ठल