अंतर्गत खरेदी समितीची कार्यकक्षा : रचना, गणपूर्ती, अधिकार आणि अहवाल

(व्यवस्थापन मंडळाच्या ठरावानुसार, अंमल १ एप्रिल २०२६ पासून)

१. समिती कशासाठी

संस्थेच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, संगणक विभाग आणि कार्यालयासाठी लागणाऱ्या वस्तू व सेवा योग्य दर्जाच्या, योग्य दराने आणि वेळेत मिळाव्यात म्हणून ही समिती नेमण्यात येत आहे. बांधकामाची कामे, वेतन आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

समिती कोणाकडून आणि किती दराने घ्यायचे हे ठरवेल. घ्यायचे की नाही, हे संबंधित विभाग व अंदाजपत्रक ठरवेल. आलेला माल मोजून ताब्यात घेणे भांडाराचे काम, आणि पैसे देणे लेखा विभागाचे. ही चार कामे चार ठिकाणीच राहतील. मनुष्यबळ कमी आहे या कारणाने ती एकाच टेबलावर आणता येणार नाहीत.

२. रचना

मताधिकार असलेले सात सदस्य : प्रशासन प्रमुख (अध्यक्ष), लेखाधिकारी, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह व संगणक विभागाचा प्रत्येकी एक प्रतिनिधी, आणि व्यवस्थापन मंडळाने नेमलेला एक सदस्य, जो संस्थेचा कर्मचारी नसेल. खरेदी अधिकारी सदस्य सचिव असतील. त्यांना मत नाही.

भांडारपाल समितीचे सदस्य नसतील. शिल्लक साठा आणि आधीच्या पुरवठ्याचा अनुभव सांगण्यासाठी त्यांना बोलावता येईल, आणि बहुतेक वेळा बोलवावेच. पण दर ठरवण्यात ज्याचा हात आहे त्यानेच माल तपासून घेतला, तर कमी भरलेले खोके कोणाच्याच लक्षात येत नाही.

पदसिद्ध सदस्य वगळता इतरांची मुदत दोन वर्षे. सलग दोन मुदतींनंतर किमान एक मुदत खंड हवा. कारण न कळवता सलग तीन बैठकांना अनुपस्थित राहिलेल्या सदस्याच्या जागी संचालक दुसरा प्रतिनिधी नेमतील.

तांत्रिक खरेदीसाठी अध्यक्ष जाणकार व्यक्तीला निमंत्रित करू शकतील. निमंत्रिताचे मत ऐकले जाईल, मोजले जाणार नाही.

३. बैठक आणि गणपूर्ती

३.१ बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात होईल. कार्यसूची, मागणीपत्रे आणि दरांचा तुलनात्मक तक्ता किमान तीन कामकाजाचे दिवस आधी सदस्यांकडे पोहोचला पाहिजे. बैठकीत आयत्या वेळी समोर ठेवलेल्या तक्त्यावर निर्णय घेतला जाणार नाही. आणीबाणीच्या खरेदीसाठी परिच्छेद ६ आहे.

३.२ गणपूर्ती चार मताधिकारी सदस्यांची. त्यांत लेखाधिकारी असलेच पाहिजेत. ते रजेवर असल्यास त्यांनी आधी लेखी नेमलेले उपलेखाधिकारी त्यांच्या जागी बसतील. इतर कोणाही सदस्याला बदली पाठवता येणार नाही.

३.३ गणपूर्ती बैठकीच्या सुरुवातीला एकदा मोजून भागणार नाही, ती प्रत्येक विषयाला मोजायची. ज्या विभागाची मागणी आहे त्याचा प्रतिनिधी त्या विषयावर बोलेल, प्रश्नांना उत्तरे देईल. पण मत देणार नाही आणि गणपूर्तीत धरला जाणार नाही. म्हणजे पाच जण हजर असताना प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकांचा विषय आला तर उरतात चार, आणि विषय चालू शकतो. चारच हजर असतील तर तो विषय पुढे ढकलला जाईल, बाकीचे चालतील. मागणी लेखा विभागाचीच असेल, तेव्हा लेखाधिकाऱ्यांच्या उपस्थितीच्या अटीऐवजी मंडळनियुक्त सदस्याची उपस्थिती आवश्यक राहील.

३.४ ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांत गणपूर्ती झाली नाही तर बैठक तहकूब करून पाच कामकाजाच्या दिवसांत पुन्हा बोलवावी. तहकूब बैठकीला गणपूर्तीची गरज नाही, ही सर्वसाधारण सभांमधली सवलत येथे लागू नाही. ती ठेवली तर पहिल्या बैठकीला न येणे हाच निर्णय रेटण्याचा सोपा मार्ग ठरेल.

३.५ दूरस्थ उपस्थिती धरली जाईल, मात्र त्या सदस्यासमोर तुलनात्मक तक्ता असला पाहिजे आणि त्याचे मत इतिवृत्तात नावानिशी नोंदवले पाहिजे. ईमेलवर कागद फिरवून संमती घेणे १ लाख रुपयांपर्यंतच्या विषयांपुरते चालेल. त्यात सातही सदस्यांचे लेखी उत्तर हवे. एकानेही हरकत घेतली, किंवा तीन दिवसांत उत्तर दिले नाही, तर विषय बैठकीत येईल. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे.

३.६ निर्णय शक्यतो एकमताने, नाहीतर बहुमताने होईल. समसमान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत नाही. दोन्ही बाजूंची कारणे लिहून विषय संचालकांकडे जाईल.

४. हितसंबंध

प्रत्येक सदस्य आणि सदस्य सचिव दरवर्षी एप्रिलमध्ये स्वतःचे व जवळच्या नातेवाइकांचे व्यावसायिक संबंध लेखी जाहीर करतील. मागील दोन वर्षांत एखाद्या पुरवठादाराकडे नोकरी किंवा सल्लागारी केली असेल तर तेही त्यात यावे. संबंध असलेला विषय आला की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचे. नुसते मत न देता बसून राहणे पुरेसे नाही, कारण समोर बसलेल्या सहकाऱ्याच्या मेहुण्याचे दरपत्रक नाकारणे माणसाला जड जाते. अशा बाहेर जाण्याने गणपूर्ती मोडली तर विषय संचालकांकडे पाठवावा.

पुरवठादाराकडून कोणतीही भेट घेऊ नये. दिवाळीची मिठाईही त्यात आली. दरपत्रके मागवल्यापासून आदेश निघेपर्यंत पुरवठादारांशी फक्त सदस्य सचिव लेखी संपर्क ठेवतील.

५. अधिकार

५.१ आर्थिक मर्यादा

१०,००० रुपयांपर्यंत विभागप्रमुख थेट खरेदी करतील. समितीचा संबंध नाही.

१०,००० च्या वर ५०,००० पर्यंत खरेदी अधिकारी तीन दरपत्रके घेऊन खरेदी करतील आणि त्याची यादी पुढील बैठकीत ठेवतील.

५०,००० च्या वर ५ लाखांपर्यंत समितीचा निर्णय अंतिम राहील.

५ लाखांच्या वर २० लाखांपर्यंत समिती शिफारस करेल आणि संचालक मंजुरी देतील.

२० लाखांच्या वर जाहीर निविदा आवश्यक. समिती छाननी करेल, मंजुरी व्यवस्थापन मंडळाची.

५.२ रक्कम कशी धरायची

वरील रकमा कर, वाहतूक, जोडणी आणि पहिल्या तीन वर्षांची देखभाल धरून आहेत. एखाद्या यंत्राला ठराविक बनावटीचेच खर्चीक साहित्य लागत असेल, तर तीन वर्षांचे तेही धरावे. उदाहरणार्थ, एक छपाई यंत्र ४२,००० रुपयांचे आणि शाईचा खर्च पानाला १.८० रुपये; दुसरे ५८,००० चे आणि खर्च ६० पैसे. तीन वर्षांत ४०,००० पाने छापायची असतील तर पहिले १,१४,००० ला पडते, दुसरे ८२,००० ला. फक्त छापील किमतीकडे पाहिले असते तर पहिले यंत्र समितीसमोर न येताच विकत घेतले गेले असते.

एकाच विभागाने ९० दिवसांत मागितलेल्या एकाच प्रकारच्या वस्तू ही एकच खरेदी समजावी, मागणीपत्रे कितीही असोत. मर्यादेखाली राहण्यासाठी तुकडे पाडल्याचे दिसल्यास समिती मागणी परत करेल आणि तशी नोंद तिमाही अहवालात करेल.

५.३ दरपत्रके

अंदाजपत्रकात तरतूद असल्याचा लेखा विभागाचा दाखला जोडल्याशिवाय दरपत्रके मागवू नयेत. किमान तीन दरपत्रके हवीत. कमी आल्यास मुदत एकदाच सात दिवसांनी वाढवावी. त्यानंतर आलेल्यांवर निर्णय घ्यावा आणि कोणाकोणाला विचारले होते ते लिहावे. लिफाफे लेखाधिकारी आणि आणखी एका सदस्यासमोर उघडावेत, प्रत्येक पानावर दोघांची सही घ्यावी. सुटा दर आणि एकूण बेरीज जुळत नसेल तर सुटा दर प्रमाण. अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी.

तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये ५.२ प्रमाणे एकूण खर्च ज्याचा सर्वात कमी, त्याला आदेश मिळेल. दराबाबत घासाघीस त्याच्याशीच करावी. दुसऱ्या क्रमांकाला पहिल्याचा दर दाखवून खाली आणणे समितीला मान्य नाही. पुढच्या वेळी खरा दर कोणीच देणार नाही. सर्वात कमी खर्चाचा प्रस्ताव नाकारायचा असेल तर तांत्रिक कारण त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहिले पाहिजे. तांत्रिक अटीत बनावटीचे नाव घालू नये. काय काम व्हायला हवे ते लिहावे.

५.४ एकाच पुरवठादाराकडून खरेदी

वस्तू दुसरीकडे मिळतच नाही, किंवा आधीच्या यंत्राला तोच सुटा भाग लागतो, अशा वेळीच हे करता येईल. विभागप्रमुखांचा कारणांसह लेखी दाखला प्रत्येक खरेदीला नव्याने हवा. ‘नेहमी यांच्याकडूनच घेतो’ हे कारण नाही.

५.५ समितीला नसलेले अधिकार

समिती देयक मंजूर करणार नाही, अंदाजपत्रकाबाहेरील खर्चाला संमती देणार नाही आणि आपले अधिकार उपसमितीकडे सोपवणार नाही. मंजूर दराने सहा महिन्यांच्या आत मूळ परिमाणाच्या १५ टक्क्यांपर्यंत जादा आदेश देता येईल, पण वाढीव रक्कम वरच्या टप्प्यात जात असेल तर त्या टप्प्याची मंजुरी लागेल. आगाऊ रक्कम ३० टक्क्यांहून अधिक द्यायची झाल्यास संचालकांची मंजुरी आवश्यक.

६. आणीबाणीची खरेदी

पाणी, वीज, आरोग्य किंवा सुरक्षितता यांत खंड पडून लगेच हालचाल करावी लागली, तर अध्यक्ष आणि लेखाधिकारी मिळून १ लाख रुपयांपर्यंत खरेदी करू शकतील. दोघांची लेखी संमती आधी हवी. ईमेल चालेल, फोन नाही. दहा कामकाजाच्या दिवसांत विषय कार्योत्तर मंजुरीसाठी समितीसमोर यावा. समितीने मंजुरी नाकारली तर पुरवठादाराचे पैसे अडवू नयेत. जबाबदारी निश्चित करण्यासाठी कागद संचालकांकडे जातील. मार्चअखेर शिल्लक निधी खर्च करायचा राहिला, ही आणीबाणी नाही.

७. नोंदी आणि अहवाल

इतिवृत्त पाच कामकाजाच्या दिवसांत सर्व सदस्यांना जाईल. निर्णयाबरोबर कारण आणि भिन्न मत असेल तर त्या सदस्याच्या शब्दांत ते लिहावे. आदेश इतिवृत्तावर अध्यक्ष व लेखाधिकाऱ्यांची सही झाल्यावरच निघेल.

दर तिमाहीला संचालकांना जाणाऱ्या अहवालात झालेल्या खरेदीची यादी असेलच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वात कमी खर्चाचा प्रस्ताव नाकारलेली प्रकरणे, एकाच पुरवठादाराकडची खरेदी, आणीबाणीची खरेदी, परत केलेल्या मागण्या, आणि मुदत उलटूनही न आलेला माल. यांपैकी एखाद्या रकान्यात काही नसेल तर ‘निरंक’ लिहावे. रकाना वगळू नये. वार्षिक अहवाल जूनअखेर व्यवस्थापन मंडळापुढे जाईल. त्यात ज्या पुरवठादारांना वर्षभरात तीनपेक्षा जास्त आदेश मिळाले त्यांची वेगळी यादी द्यावी.

कागदपत्रे, न स्वीकारलेल्या दरपत्रकांसह, आठ वर्षे जपावीत आणि लेखापरीक्षकांना मागताच दाखवावीत. पुरवठादारांच्या तक्रारी थेट संचालकांकडे जातील. स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर समिती निर्णय देणार नाही.

८. बदल व संक्रमण

या कार्यकक्षेत बदल फक्त व्यवस्थापन मंडळ करेल. ३१ मार्च २०२६ पर्यंत उघडलेली दरपत्रके जुन्या पद्धतीने निकाली निघतील. त्या तारखेला न उघडलेले लिफाफे पुरवठादारांना तसेच परत करून नव्याने दर मागवावेत.