गट क्र. ४ : कोकम सरबताच्या मार्केटिंग आराखड्याचे मूल्यमापन

विषय : मार्केटिंग मॅनेजमेंट, एमबीए सत्र २
आराखडा : कुडाळ तालुक्यातील महिला बचतगटाचे कोकम सरबत (अमृत कोकम) आणि सोलकढीसाठी लागणारे बिनसाखरेचे आगळ पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये विकणे
गुण : ५० पैकी २२

हे गुण दोन्ही परीक्षकांनी स्वतंत्रपणे देऊन मग एकत्र बसून ठरवलेले आहेत. विभागणी अशी : सेगमेंटचा तर्क १५ पैकी ६, पोझिशनिंग ५ पैकी ३, उद्दिष्टे १५ पैकी ५, अंदाजपत्रक १० पैकी ४, माहिती गोळा करणे आणि मांडणी ५ पैकी ४. शेवटच्या सदरात जवळजवळ पूर्ण गुण आहेत, कारण परिशिष्टात चांगला माल आहे. अडचण ही, की मुख्य आराखड्याने तो वापरलेलाच नाही.

सेगमेंट

पान ५ वर टार्गेट ग्राहक असा दिला आहे : "१८ ते ४५ वयोगटातील, मध्यम व उच्च मध्यमवर्गीय, आरोग्याबाबत जागरूक पुणेकर." या वर्णनात बसणारी दोन माणसे एका कारणासाठी, एका ठिकाणी, एकाच किमतीला सरबत घेतील असे मानायला काही आधार दिसत नाही. वसतिगृहात राहणारा १९ वर्षांचा मुलगा आणि दोन मुलांची ४० वर्षांची आई एका गटात टाकले, तर दुकान कोणते निवडायचे आणि जाहिरातीत काय सांगायचे, यातले काहीच ठरत नाही. सेगमेंट हा निर्णय घेण्यासाठी पाडायचा असतो. तुमच्या वर्णनातून निर्णय निघत नाही, म्हणूनच पुढे ५० किराणा दुकाने, इन्स्टाग्राम, होर्डिंग आणि सोसायट्यांचे स्टॉल असे सगळेच करायचे ठरले.

"आरोग्याबाबत जागरूक" हा निकष तर मालाच्याच विरोधात जातो. तुमच्याच लेबलच्या नमुन्यावर १०० मिलीमध्ये ५५ ग्रॅम साखर आहे. ५० मिली सिरपचा एक ग्लास म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की मोकळी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत असल्यास उत्तम. २००० कॅलरीच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. जो ग्राहक खरोखर लेबल वाचतो, तो ही बाटली परत ठेवेल. लोक अमृत कोकम आवडीने पितात ते उन्हाळ्यातला गारवा, आंबटगोड चव आणि पाहुण्यांसमोर ठेवायला काहीतरी म्हणून. सेगमेंट त्या प्रसंगांवरून पाडायला हवा होता.

बाजाराच्या आकाराचे गणित पान ७ वर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही महापालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे ४८.५ लाख, त्याचे ४० टक्के १९.४ लाख, त्यातले ३० टक्के "जागरूक" म्हणजे ५.८२ लाख, आणि "फक्त १ टक्का जरी मिळाले तरी" ५,८२० बाटल्या. पहिला आकडा खरा पण जुना आहे. शिवाय पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, त्यामुळे हद्दही बदलली. पण आमची मुख्य हरकत पुढच्या तीन टक्केवारींवर आहे. ४०, ३० आणि १ यांपैकी एकालाही आधार दिलेला नाही. ३० ऐवजी १० धरले असते, तर उत्तर तिसऱ्या हिश्श्यावर आले असते आणि आराखड्यातली एक ओळही बदलावी लागली नसती. दुसरे म्हणजे सरबत माणशी विकत घेतले जात नाही, घरटी घेतले जाते. आणि इतके करून काढलेला ५,८२० हा आकडा पुढे कुठे येतच नाही. विक्रीचे उद्दिष्ट अचानक ४,००० होते.

सर्वेक्षणात ११२ उत्तरे आहेत, त्यातली ९१ पंचविशीच्या आतल्या विद्यार्थ्यांची. ८७ जणांनी "विकत घेईन" म्हटले. प्रश्न होता : "केमिकलयुक्त शीतपेयांऐवजी नैसर्गिक कोकम सरबत घ्यायला आवडेल का?" याला नाही कोण म्हणेल? प्रश्नात किंमत नाही, पर्याय नाही, आणि लेबलवर सोडियम बेन्झोएट छापलेले असताना "नैसर्गिक"विरुद्ध "केमिकल" ही मांडणी टिकतही नाही. पोझिशनिंगचे दोन गुण तिथेच गेले. भौगोलिक मानांकनाचे चिन्हही लेबलवर टाकले आहे. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला मानांकन आहे हे बरोबर, पण ते वापरण्यासाठी उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बचतगटाची तशी नोंदणी आहे की नाही, हे विचारल्याचे कुठे दिसत नाही.

आता परिशिष्टाकडे. प्रश्न ७ ला ("घरात सरबत कोण आणते?") ७४ जणांनी आई किंवा घरातली मोठी बाई असे उत्तर दिले आहे. म्हणजे तुम्ही बहुतांशी पिणाऱ्यांना विचारले आणि घेणारी घरी राहिली. कोकणाशी नाते असलेल्या २१ जणांपैकी १७ जणांच्या घरी कोकम गावाहून येते. ही सर्वांत उपयोगी नोंद आहे आणि ती उलट दिशेने वाचली गेली. पान ६ वर "पुण्यातील कोकणी कुटुंबे हा नैसर्गिक ग्राहक" असे वाक्य आहे. ज्यांना कोकमाची चव सर्वांत जास्त ठाऊक, त्यांनाच ते विकत घ्यायची गरज सर्वांत कमी, असे तुमची माहिती सांगते. गावाहून आलेला साठा कोणत्या महिन्यात संपतो, हा पुढचा प्रश्न विचारला असता तर त्यातून कदाचित एक छोटा पण खरा सेगमेंट हाती लागला असता.

खानावळींच्या मुलाखती तर नुसत्या जोडून ठेवल्या आहेत. सहा मालवणी खानावळींपैकी चार आगळ वापरतात, आठवड्याला सरासरी अडीच लिटर, वर्षभर. सेगमेंटच्या प्रत्येक कसोटीला हा गट उतरतो : मोजता येतो, पत्ता ठाऊक आहे, गरज वेगळी आहे (साखर नको, मीठ आणि आंबटपणा दर खेपेला सारखा हवा), आणि ५ लिटरच्या कॅनमध्ये माल देता येतो. तुमच्याच दरपत्रकानुसार आगळाचा लिटरमागे खर्च वाहतुकीसह १३० आणि दर १९० रुपये, म्हणजे ६० रुपये उरतात. अशा २० खानावळी धरल्या तर चार आठवड्यांत २०० लिटर, १२,००० रुपये. आकडा मोठा नाही, पण सोलकढी पावसाळ्यातही लागते. उधारी किती दिवसांची, हे मात्र आधी विचारून घ्या. ३० दिवसांची असेल तर महिनाभराचा माल बचतगटाच्या पैशावर फिरणार. आगळ आणि सरबत हे एका आराखड्यातले दोन वेगळे धंदे आहेत. "कोकम उत्पादने" या एका शीर्षकाखाली ते मिसळल्यामुळे दोन्हींचा तर्क ढासळला.

उद्दिष्टे

पाच उद्दिष्टे दिली आहेत. "ब्रँडची ओळख वाढवणे" : आज शून्य आहे की दोन टक्के, ते माहीत नाही आणि कसे मोजणार तेही लिहिलेले नाही. "२५ टक्के मार्केट शेअर" : कशाचा? सर्व सरबतांचा, कोकम सरबताचा की त्या ५० दुकानांतल्या फळीचा? छेदच दिलेला नाही. "९० टक्के ग्राहक समाधान" : कोणाला, कधी, काय विचारून? "इन्स्टाग्रामवर ५,००० फॉलोअर" मोजता येते, पण त्याचा बाटलीशी संबंध दाखवलेला नाही. उरले "जुलै ते डिसेंबरमध्ये ४,००० बाटल्या". यात आकडा आहे, मुदत आहे, आणि तरीही हेच सर्वांत जास्त गोत्यात आणणारे उद्दिष्ट आहे.

पहिले कारण हंगाम. फळ एप्रिल-मेमध्ये पिकते, माल जूनमध्ये तयार होतो, म्हणून तुम्ही जुलैत विक्री सुरू केली. सरबताचा खप मात्र फेब्रुवारी ते मे. उत्पादनाचे वेळापत्रक विक्रीचे म्हणून चिकटवले गेले. सहा महिने माल सांभाळायचा तर साठवणुकीचा खर्च, बाटलीवरची मुदत आणि अडकलेले भांडवल या तिन्ही गोष्टी अंदाजपत्रकात यायला हव्यात. शिवाय ४,००० भागिले ५० दुकाने भागिले ६ महिने म्हणजे दर दुकानात महिन्याला तेराहून जास्त बाटल्या, त्याही भर पावसात, नाव न ऐकलेल्या सरबताच्या. हा भागाकार करून एखाद्या दुकानदाराला दाखवला असता, तर त्याने दोन मिनिटांत सांगितले असते.

दुसरे कारण पैसा. एमआरपी १८०, खर्च ११२ (उत्पादन ८५, पॅकिंग १८, वाहतूक ९), म्हणून नफा ३८ टक्के असे लिहिले आहे. पण १८० रुपये बचतगटाच्या हातात येतच नाहीत. दुकानदाराचे २५ टक्के म्हणजे ४५ वजा केले की १३५ येतात, बाटलीमागे २३ उरतात. जीएसटी अजून धरलेलाच नाही. ४,००० बाटल्यांवर ९२,००० रुपये सुटतात आणि मार्केटिंगचा खर्च ३ लाख. उद्दिष्ट शंभर टक्के गाठले तरी २,०८,००० रुपयांचा तोटा. नुसते ३ लाख भरून यायला १३,००० हून जास्त बाटल्या लागतील. ३ लाखांतले १.६ लाख इन्स्टाग्रामवर आणि ८० हजार होर्डिंगवर आहेत, मोजमापावर एक रुपयाही नाही.

उद्दिष्ट कसे लिहायचे, याचा एक नमुना तुमच्याच आकड्यांतून देतो. तो जसाच्या तसा उतरवू नका; आकडे कुठून आले ते पाहा.

"१ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात कोथरूड व बाणेरमधील १२ सोसायट्यांत प्रत्येकी २ स्टॉल लावून ८४० बाटल्या विकणे (स्टॉलमागे सरासरी ३५), आणि पहिली बाटली घेणाऱ्यांपैकी किमान १२० घरांनी ४५ दिवसांत दुसरी मागवणे."

स्टॉलवर दुकानदार नसतो, म्हणून बाटलीमागे ६८ रुपये उरतात. स्टॉलचे भाडे १,५०० आणि चवीसाठी फोडलेल्या तीन बाटल्यांचे ३३६, एकूण १,८३६. म्हणजे २७ बाटल्यांना स्टॉल फिटतो. पहिल्या तीन स्टॉलची सरासरी २७ च्या खाली गेली, तर चौथा लावण्याआधी जागा, वेळ किंवा किंमत बदलायची. ३५ विकल्या तरी स्टॉलमागे ५४४ रुपयेच सुटतात आणि उभे राहणाऱ्यांची मजुरी त्यात नाही. खरी कमाई दुसऱ्या बाटलीत आहे : तिला भाडे नाही, घरपोच खर्च २५ धरला तरी ४३ उरतात. म्हणून पुनर्खरेदी हे उद्दिष्ट लिहायचे. ४५ दिवस यासाठी, की ७०० मिलीत १४ ग्लास होतात आणि उन्हाळ्यात चार माणसांच्या घरात ती तीन आठवड्यांत संपावी. ३० एप्रिलला घेतलेल्या बाटलीची मोजणी अर्थात १४ जूनपर्यंत चालेल. मोजायला अॅप लागत नाही. प्रत्येक स्टॉलच्या पावतीवर वेगळा क्रमांक आणि मागणीच्या वहीत तो लिहायचा रकाना पुरेसा आहे.

पुन्हा सादर करताना

दुरुस्त आराखड्याला जास्तीत जास्त ८ गुण वाढू शकतात. सरबत किंवा आगळ, एकच निवडा आणि दुसरे का सोडले ते अर्ध्या पानात लिहा. घरात खरेदी करणाऱ्या किमान १५ जणींशी बोला. गुगल फॉर्म नको. मागच्या उन्हाळ्यात कोणते सरबत आणले, कुठून, किती रुपयांना, एवढेच विचारा, "आवडेल का" विचारू नका. उद्दिष्टे तीनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकासमोर आजची स्थिती, मोजण्याची पद्धत, मोजणारी व्यक्ती आणि कोणत्या आकड्याला थांबायचे ते हवे. जीएसटी धरून बाटलीमागचा हिशेब पहिल्या पानावर घ्या. होर्डिंग ठेवायचेच असेल, तर ८० हजार भरून यायला किती बाटल्या लागतात ते त्याच्या शेजारी लिहा.

मुदत पुढच्या शुक्रवारी सायंकाळी ५ पर्यंत. तोंडी परीक्षेला खानावळींच्या मुलाखतींची मूळ टिपणे आणा. त्यातल्या दोन खानावळींनी आगळ का सोडले, ते आम्हाला विचारायचे आहे.