पाळीवरचे आईबाप

एकत्र कुटुंब म्हणजे एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवकार्य, अशी व्याख्या इरावती कर्वे यांनी केली. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेत महुवा या गावातल्या कुटुंबांचा अभ्यास करताना चुलीपेक्षा परस्परांच्या जबाबदाऱ्यांना महत्त्व दिले. साताऱ्याकडच्या कुटुंबांना देसाईंचीच कसोटी जास्त लागू पडते. गिरणीतला भाऊ मुंबईत खोलीवर राही, मनिऑर्डर गावी येई, म्हातारी माणसे शेतावरच्या भावजयीच्या हाती. छप्पर एक नव्हतेच, तरी घर एकत्र म्हणवले जाई. त्यामुळे ‘पूर्वी सगळे एकत्र होते’ हे गाऱ्हाणे मला अर्धेच खरे वाटते.

बदलले ते वेगळेच. कोरेगाव तालुक्यातले एक घर घ्या. तीन भाऊ: एक गावात, एक चिंचवडला, एक घणसोलीत. वाटणी झाली तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, त्याच बैठकीत आईबापाच्याही ठरल्या. चार-चार महिने. पुढे चिंचवडच्या सुनेला नोकरी लागली, तान्हे बाळ सांभाळायला आई तिकडेच राहिली, बाप गावात. पन्नास वर्षांचा संसार असा नातवाच्या सोयीने दुभंगला आणि कुणाला त्यात वावगे दिसले नाही. आईला मागणी आहे तोवर तिची पाळी कुणी मोजत नाही. गुडघे गेले की मोजणी सुरू होते.

पाळीत औषधांची पिशवी फिरते, डॉक्टर मात्र बदलतो. प्रत्येक ठिकाणी नव्याने रक्त तपासतात. कपाट कुठेच आपले नसते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी २०२२पासून मोफत झाली. बापाची ये-जा स्वस्त झाली, आणि ‘या की चार दिवस’ म्हणणेही.

२००७चा पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा न्यायाधिकरणापुढे महिना १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली जमीन, अट मोडल्यास, परतही मिळवता येते. पण त्या अर्जावर सही करणे म्हणजे गावात पोराचे नाव घालवणे, म्हणून बाप गप्प राहतो. शिवाय रात्री तीनदा उठवून लघवीला नेणे कुठल्या हुकमात बसवणार? ते सुनेच्या अंगावर पडते. तिला नाही म्हणायची सोय नसते आणि केल्याचे श्रेय मुलाला जाते.

या हिशेबात लेक कुठेच नसते. २००५पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा भावांइतकाच हिस्सा आहे, पण ‘भावाशी वाईटपणा नको’ म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते. पाळ्या लावतानाही तिला कुणी विचारत नाही. आई दवाखान्यात दाखल झाली की मात्र पहिला फोन तिलाच जातो, ती डबा घेऊन येते, आणि उशाशी बसायला भावांपैकी कुणाची पाळी आहे हे कुणी काढत नाही.