दहावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : ७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. विभागीय सचिव,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
अमरावती विभागीय मंडळ, अमरावती

द्वारा : मा. मुख्याध्यापक

विषय : डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यास फेब्रुवारी-मार्च २०२६ च्या दहावीच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळण्याबाबत.

महोदय,

माझा मुलगा ओम गजानन ठाकरे दहावीत शिकतो. त्याला डिस्लेक्सिया आहे. शासकीय रुग्णालयाने तपासणी करून दिलेले अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

ओमला विषय कळतो, कागदावर मात्र उतरत नाही. वावरात उभा राहून तो बोंडअळी अंड्यापासून पतंगापर्यंत कशी वाढते ते न अडखळता सांगतो. तेच लिहायला बसवले की ‘कापूस’चा ‘कासूप’ होतो, ओळ सुटते, पुन्हा खोडतो. सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात दोन तासांत त्याचे निम्मेच प्रश्न झाले. ‘कोणतेही तीन सोडवा’ ही सूचना वाचण्यात चुकली, म्हणून त्याने पाचही सुरू केले आणि एकही पुरा झाला नाही. घरी आल्यावर तीच उत्तरे त्याने मला तोंडी सांगितली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही त्याला आळशी समजून रागावत होतो, याचे आजही वाईट वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश असून कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देण्याची तरतूद आहे. त्यानुसार प्रत्येक तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे जादा मिळावीत. लेखनिकाने प्रश्न वाचूनही दाखवावेत. ओम उत्तरे बोलून सांगणार असल्याने इतर मुलांना त्रास होऊ नये म्हणून त्याची बैठक वेगळ्या खोलीत असावी.

लेखनिक म्हणून नववीतील एक विद्यार्थिनी तयार आहे. ती आमची नातेवाईक नाही. तिचे मराठी व गणित चांगले आहे, पण इंग्रजी लिहिताना ती अडखळते. त्यामुळे इंग्रजीसाठी नववीतीलच दुसऱ्या विद्यार्थ्याचे नाव दिले आहे. एक आजारी पडल्यास दुसऱ्यास बसू द्यावे, ही विशेष विनंती. आमच्या गावाहून घाटंजीच्या केंद्रावर सकाळची एकच एसटी वेळेत पोहोचते. पेपरच्या दिवशी नवा लेखनिक शोधून आणणे आम्हाला शक्य होणार नाही.

मंजुरीचे पत्र शाळेस व केंद्रसंचालकांस डिसेंबरअखेर मिळाल्यास ओमला दोघांसोबत सराव करता येईल. सांगून लिहून घेणे हीसुद्धा सवयीची गोष्ट आहे. त्याने आतापर्यंत ते एकदाच करून पाहिले आहे.

सोबत : अध्ययन अक्षमता प्रमाणपत्र, दोन्ही लेखनिकांचे बोनाफाईड दाखले व पालकांची संमतीपत्रे, सहामाहीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत.

आपली विश्वासू,
सौ. वर्षा गजानन ठाकरे
ता. घाटंजी, जि. यवतमाळ